निलंबनाचा नव्वदावा दिवस

आज जरा वेगळा विषय आहे. तुमच्यापैकी बरेच जण सरळसेवेची तयारी करताय, काही जण नुकतेच रुजू झालाय, आणि काहींच्या घरात आई, बाबा, दादा, वहिनी कुणीतरी सरकारी नोकरीत आहे. सगळ्यांना घाबरवणारा एक शब्द आहे, निलंबन. आपल्या बोलीत, 'सस्पेंड झाला.' हा शब्द कानावर पडला की गल्लीत अर्धा निकाल लागलेला असतो. "काहीतरी केलं असेल म्हणूनच ना?"

मी वर्ध्याचा. जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत माझी बरीच वर्षं गेली. आस्थापना म्हणजे सेवापुस्तकं, रजा, वेतनवाढ, बदल्या आणि हो, निलंबनाच्या फायली. त्या फायलींतून मी एक गोष्ट शिकलो. निलंबन झालेल्या माणसाचं पहिलं नुकसान आदेशाने होतं. दुसरं, आणि पुष्कळदा मोठं नुकसान, तो गप्प बसतो म्हणून होतं. आज मी त्या दुसऱ्या नुकसानाबद्दल बोलणार आहे.

एक मुलगा होता, माझ्या लेकाच्या वयाचा. नाव, गाव, खातं सांगत नाही. राहायला हिंगणघाटला. नोकरीला लागून सहा वर्षं झाली होती. एका कामाबद्दल तक्रार झाली, प्राथमिक अहवाल गेला आणि आदेश आला: विभागीय चौकशी प्रस्तावित असल्याने निलंबित करण्यात येत आहे. निलंबन काळातलं मुख्यालय आष्टी. आपला जिल्हा माहीत असलेल्यांना कळेल, हिंगणघाट एका टोकाला आणि आष्टी दुसऱ्या. मुख्यालय म्हणजे परवानगीशिवाय ते ठिकाण सोडायचं नाही.

चार महिन्यांनी तो माझ्या घरी आला. म्हणाला, "काकाजी, चार महिने झाले, एक रुपया नाही आला." मी विचारलं, "प्रमाणपत्र दिलंस का?" तो म्हणाला, "कोणतं प्रमाणपत्र?"

इथूनच सुरुवात करू.

निलंबन ही शिक्षा नाही. हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, पण त्याचा अर्थ नीट बघा. शिक्षा चौकशीनंतर होते: ठपका, वेतनवाढ रोखणं, पदावनती, बडतर्फी. निलंबन चौकशीच्या आधी किंवा चौकशी चालू असताना होतं. हेतू एवढाच, की माणूस खुर्चीवर बसून कागद बदलू नये, साक्षीदारांवर दबाव आणू नये. महाराष्ट्रात राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी 1979 चे शिस्त व अपील नियम आहेत. त्यातल्या नियम 4 मध्ये निलंबनाचा अधिकार आहे. चौकशी सुरू असेल किंवा करायचं ठरत असेल, फौजदारी गुन्ह्याचा तपास किंवा खटला चालू असेल, तर निलंबित करता येतं. आणि अटक होऊन 48 तासांपेक्षा जास्त काळ कोठडीत गेला, तर तो निलंबित झाला असं मानलंच जातं. याला मानीव निलंबन म्हणतात.

आता शिक्षा नाही म्हटल्यावर नोकरी सुटलेली नसते. माणूस अजून शासनाचाच सेवक असतो. दुसरी नोकरी करायची त्याला मुभा नाही, धंदा करायची नाही. मग जगायचं कशावर? म्हणून निर्वाह भत्ता. ही मेहेरबानी नाही. शासनाने त्याचे हात बांधून ठेवलेत, त्या बदल्यात त्याच्या पोटाची सोय करायची, असा हा साधा व्यवहार आहे.

हा भत्ता किती, हे 1981 च्या नियमांत आहे. त्या नियमांचं नाव लांबलचक आहे, पदग्रहण अवधी, स्वीयेतर सेवा आणि निलंबन, बडतर्फी वगैरे काळातली प्रदाने. आपल्याला त्यातला नियम 68 लक्षात ठेवायचा. तो म्हणतो, अर्धवेतनी रजेवर असता तर जेवढं रजा वेतन मिळालं असतं, तेवढा निर्वाह भत्ता. त्या रकमेवर बसेल तेवढा महागाई भत्ता. शिवाय घरभाडे भत्त्यासारखे भत्ते, जर ज्यासाठी ते देतात तो खर्च अजून चालू असेल तर.

सोपे आकडे घेऊन हिशोब करू. समजा मूळ वेतन 30,000. महागाई भत्त्याचे दर बदलत असतात, आपण हिशोबापुरता 50 टक्के धरू. म्हणजे 15,000. घरभाडे 3,000 धरा. एकूण पगार 48,000.

निलंबन झालं. मूळ वेतनाचं अर्धं 15,000. त्यावर महागाई भत्ता 7,500. घरभाडे 3,000. मिळून 25,500. पहिले तीन महिने महिन्याला एवढे मिळायला हवेत. बँकेच्या हप्त्याला काही निलंबन नसतं, तो त्याच तारखेला कापला जातो. तरीही घर चालतं, ओढाताणीने का होईना.

मग त्या मुलाला शून्य का मिळालं? कारण याच नियमात एक अट आहे. निलंबित कर्मचाऱ्याने लिहून द्यायचं असतं की या काळात मी दुसरी कोणतीही नोकरी, धंदा, व्यवसाय करत नाही. हे प्रमाणपत्र आलं नाही तर भत्ता निघत नाही. बिल करणारा कारकून म्हणतो, प्रमाणपत्र नाही. कर्मचारी म्हणतो, मला कुणी सांगितलंच नाही. दोघंही खरं बोलत असतात आणि मधल्या मध्ये चार महिने जातात.

एक साधा कागद. नाव, पदनाम, निलंबन आदेशाचा क्रमांक आणि तारीख, कोणत्या महिन्यासाठी, आणि ते एक वाक्य. खाली सही. दर महिन्याला द्यायचा, आणि आपल्याजवळच्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर साहेबांना फोटो पाठवला, त्याला दिलं म्हणत नाहीत.

मी त्याला आणखी एक प्रश्न विचारला. "या चार महिन्यांत काय करत होतास?" तो जरा चाचरला. सासऱ्यांचं किराणा दुकान आहे, तिथे बसायचो म्हणाला. म्हटलं, "बेटा, आजपासून गल्ल्यावर बसू नको." पगार घेत होता का? नव्हता. घरचंच दुकान, मदत म्हणून बसायचा. पण कुणी फोटो काढून अर्ज केला की निलंबित कर्मचारी दुकान चालवतो, तर एक चौकशी होती तिथे दोन होतील, आणि दुसरी खोट्या प्रमाणपत्राची असेल. ज्या कागदावर सही करतोय तो शब्दशः खरा असला पाहिजे.

प्रमाणपत्रं दिली, मागचे पैसे निघाले. तो खूष. मी मात्र म्हणालो, अजून खरं काम बाकी आहे. चार महिने झाले म्हणजे तीन महिने उलटले. आणि तिसरा महिना संपला की दोन घड्याळं वाजायला पाहिजेत. पहिलं पैशाचं, दुसरं निलंबनाचं.

पहिलं घड्याळ, पैशाचं. नियम 68 मध्येच लिहिलंय की निलंबन तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं, तर सक्षम प्राधिकाऱ्याला भत्त्याची रक्कम बदलता येते. लांबण्याला कर्मचारी जबाबदार नसेल तर पहिल्या तीन महिन्यांच्या भत्त्याच्या 50 टक्क्यांपर्यंत वाढ. कर्मचाऱ्यामुळेच लांबलं असेल, म्हणजे तो चौकशीला येत नाही, उगाच तारखा मागतो, तर 50 टक्क्यांपर्यंत कपात. दोन्हीकडे कारण लेखी नोंदवायचं.

परत आपला हिशोब. 15,000 मध्ये 7,500 ची वाढ झाली, झाले 22,500. महागाई भत्ता आता या रकमेवर, म्हणजे 11,250. घरभाडे 3,000. एकूण 36,750. कार्यालयाच्या भाषेत म्हणतात, 'पंचाहत्तर टक्के झाले.' उलट कपात झाली तर 7,500, त्यावर 3,750 आणि 3,000, म्हणजे 14,250. एकाच माणसाला चौथ्या महिन्यात 36,750 मिळू शकतात किंवा 14,250. मधला फरक एवढाच, की उशीर कुणामुळे झाला आणि ते कागदावर कुणी मांडलं.

ही वाढ आपोआप होत नाही. आदेश लागतो. आदेशासाठी टिपणी लागते. आणि आस्थापनेच्या टेबलावर पन्नास फायली असतात. मी स्वतः त्या टेबलावर बसलोय म्हणून सांगतो, ज्या फायलीत अर्ज येतो ती फाईल वर येते. अर्जात रडगाणं नको. तारखा हव्यात. निलंबन अमुक तारखेचं, तीन महिने अमुक तारखेला पूर्ण झाले, या काळात मला एकही नोटीस आली नाही, मी कोणतीही तारीख मागितली नाही, तेव्हा विलंब माझ्यामुळे नाही, नियम 68 नुसार भत्ता वाढवून मिळावा. झालं. आणि आदेश आला की वाढ कोणत्या तारखेपासून दिली आहे ते वाचा. आपल्या उदाहरणात दर महिन्याचा फरक 11,250 आहे. चार महिने गप्प बसलात तर 45,000 चा प्रश्न आहे.

काही जण म्हणतील, अर्ध्या-पाऊण भत्त्यावर एवढं काय? घरी बसून पैसे मिळतात ना! तर ऐका. आपल्याच राज्यात एक नियम होता. मुंबई नागरी सेवा नियम, 1959, त्यातल्या नियम 151 ला जोडलेला. निलंबित कर्मचाऱ्याला फौजदारी कोर्टात शिक्षा झाली आणि त्याने वर अपील केलं, तर अपीलाचा निकाल लागेपर्यंत निर्वाह भत्ता किती? महिन्याला एक रुपया. हो, एक रुपया. कागदोपत्री भत्ता दिला असं म्हणायला तेवढं पुरत होतं.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, महाराष्ट्र शासन विरुद्ध चंद्रभान. 1983 साली निकाल लागला आणि ती एक रुपयाची तरतूद रद्द झाली. न्यायालयाचा विचार असा होता: अपील चालू आहे म्हणजे दोष अजून अंतिम झालेला नाही. निर्वाह भत्ता हा जगण्यासाठी असतो. एक रुपयात कुणी जगत नाही, मग त्याला निर्वाह म्हणायचं कसं? आणि पोटाला नसताना माणूस चौकशीत स्वतःचा बचाव करणार कसा? भत्ता न देता केलेली चौकशी म्हणजे बचावाची संधी नाकारणं, हा धागा तिथे पक्का झाला.

याच धाग्याचं पुढचं टोक कोलारच्या सोन्याच्या खाणीत आहे. भारत गोल्ड माइन्समधल्या एका सुरक्षा अधिकाऱ्याला 1985 मध्ये निलंबित केलं. निर्वाह भत्ता मिळाला नाही. तो केरळात आपल्या घरी. चौकशी कोलारला. तो आजारी होता आणि प्रवासाला पैसे नाहीत असं त्याचं म्हणणं होतं. चौकशी त्याच्याशिवाय झाली, एकतर्फी, आणि 1986 मध्ये नोकरी गेली. पुढे फौजदारी खटल्यातून तो निर्दोष सुटला. सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये म्हटलं, भत्ता न दिल्यामुळे जो माणूस चौकशीला पोहोचूच शकला नाही, त्याच्यावरची एकतर्फी चौकशी टिकत नाही. पण चौदा वर्षं गेली ना! आयुष्यातली चौदा वर्षं.

म्हणून मी त्या मुलाला सांगितलं, चौकशीची नोटीस आली आणि भत्ता थकलेला असेल तर गैरहजर राहून घरी बसू नको. त्याच दिवशी चौकशी अधिकाऱ्याला लेखी कळव की इतक्या महिन्यांचा भत्ता मिळालेला नाही, प्रवासाला पैसे नाहीत. तो कागद चौकशीच्या फायलीत असला पाहिजे. नंतर कोर्टात तोंडी सांगून उपयोग नाही.

आता दुसरं घड्याळ. निलंबन किती दिवस?

नियम 4 मध्ये मुदत लिहिलेली नाही. आदेश रद्द होईपर्यंत चालू राहतो, एवढंच आहे. त्यामुळे वर्षानुवर्षं निलंबित असलेली माणसं असायची. इथे चित्र बदललं ते 16 फेब्रुवारी 2015 च्या निकालाने. अजय कुमार चौधरी विरुद्ध भारत सरकार. हे संरक्षण मालमत्ता खात्याचे अधिकारी, काश्मीरमध्ये नेमणूक. जमिनीच्या ना हरकत प्रमाणपत्रांवरून 2011 च्या सप्टेंबरमध्ये निलंबन झालं आणि मुदतवाढ मिळत राहिली. दोषारोपपत्राचा पत्ता नाही.

न्यायालयाने एक तुलना केली, ती मला फार पटते. तुरुंगातल्या आरोपीचं बघा. पोलिसांनी ठरलेल्या मुदतीत, गंभीर गुन्ह्यात 90 दिवसांत, आरोपपत्र दाखल केलं नाही तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. कायदा त्यालाही अनिश्चित काळ लटकवत नाही. मग ज्याच्यावर अजून आरोपही लिहून दिलेला नाही, त्या कर्मचाऱ्याला का लटकवायचं? म्हणून न्यायालयाने सांगितलं: तीन महिन्यांच्या आत दोषारोपपत्र दिलं नाही, तर निलंबन त्यापुढे चालू नये. दिलं असेल, तर निलंबन वाढवण्यासाठी कारणांसहित आदेश काढावा लागेल. आणि पुराव्यात ढवळाढवळीची भीती असेल तर त्याची बदली करा, दुसऱ्या कार्यालयात, राज्याबाहेरसुद्धा. संबंधित लोकांशी संपर्क करायला मनाई करा.

गंमत म्हणा किंवा दैव म्हणा, खुद्द चौधरींना याचा थेट फायदा झाला नाही. निकाल येईपर्यंत त्यांना दोषारोपपत्र मिळालं होतं. त्यांचा वापर करून रस्ता बांधला गेला, चालले दुसरे.

महाराष्ट्राने हा निकाल 9 जुलै 2019 च्या शासन निर्णयाने लागू केला. सामान्य प्रशासन विभागाचा आहे, शासनाच्या संकेतस्थळावर मिळतो, मोबाईलमध्ये ठेवा. त्यात दोन रस्ते आहेत. तीन महिन्यांत विभागीय चौकशीचं दोषारोपपत्र बजावलं असेल, तर तीन महिन्यांत आढावा घ्यायचा आणि निलंबन चालू ठेवायचं असेल तर कारणमीमांसेसह स्पष्ट आदेश काढायचा. बजावलं नसेल, तर निलंबन संपवण्याशिवाय पर्याय नाही, म्हणून 90 दिवसांत दोषारोपपत्र बजावलं जाईलच याची दक्षता घ्या, असं प्रशासनाला सांगितलंय.

इथे दोन ठिकाणी लोकांची गफलत होते.

पहिली गफलत, दोषारोपपत्र कोणतं? पोलीस कोर्टात दाखल करतात ते वेगळं. इथे आपण बोलतोय ते खात्याचं, जे कर्मचाऱ्याच्या हातात बजावलं जातं. त्याला चार जोडपत्रं असतात: आरोप काय, त्याचा तपशील काय, कोणत्या कागदांच्या आधारे, कोणत्या साक्षीदारांच्या आधारे. लाचेच्या प्रकरणांत मूळ कागद लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे असतात आणि खातं म्हणतं, कागदच नाहीत तर आरोप कसे लिहू? म्हणून त्या शासन निर्णयात या विभागानेही आवश्यक अभिलेख संबंधित खात्याला वेळेत द्यावेत असं म्हटलंय. 'कागद त्यांच्याकडे आहेत' हे उत्तर कायमचं चालत नाही.

दुसरी गफलत, 91 व्या दिवशी सकाळी आपोआप नोकरी परत मिळते असं समजणं. आपल्या राज्याच्या नियमात आदेश रद्द करावा लागतो. कुणीतरी सही करावी लागते. स्वतःहून कार्यालयात जाऊन हजेरीपटावर सही करू नका. केंद्राच्या कर्मचाऱ्यांचं मात्र वेगळं आहे. पुलगावच्या दारूगोळा भांडारात, टपाल खात्यात तुमच्या घरचं कुणी असेल तर त्यांच्या 1965 च्या नियमातच आहे की 90 दिवस संपायच्या आत आढावा घेऊन मुदत वाढवली नाही तर निलंबन आदेश पुढे वैध राहत नाही. आणि वाढ एका वेळी 180 दिवसांपेक्षा जास्त नाही. जिल्हा परिषदेचे कर्मचारी तिसऱ्याच नियमांखाली, 1964 च्या. त्यामुळे पहिला प्रश्न नेहमी हाच, मी नेमका कुणाचा कर्मचारी?

परत आपल्या मुलाकडे येऊ. पाचव्या महिन्यात त्याने दोन अर्ज दिले. एक भत्ता वाढवण्याचा, दुसरा निलंबनाच्या आढाव्याचा. मी मुद्दाम वेगळे द्यायला लावले. एकाच अर्जात दोन मागण्या असल्या की एकीवर उत्तर येतं आणि फाईल बंद होते. भत्त्याचा आदेश महिनाभरात निघाला. दुसऱ्या अर्जाने वेगळंच झालं. कार्यालयाला जाग आली आणि सहाव्या महिन्यात त्याच्या हातात दोषारोपपत्र पडलं.

तो हताश होऊन आला. "काकाजी, साहेब म्हणतात, आता दोषारोपपत्र दिलं, तुझा मुद्दा गेला."

मी म्हटलं, मुद्दा गेला नाही, मुद्दा बदलला. कालपर्यंत प्रश्न होता, आरोप कुठे आहेत? आजपासून प्रश्न आहे, निलंबन का चालू ठेवताय, त्याची कारणं कुठे आहेत? त्याने तिसरा अर्ज दिला. त्यात चारच गोष्टी लिहिल्या. मूळ दस्तऐवज सगळे ताब्यात घेतलेले आहेत. साक्षीदारांच्या यादीतले लोक तालुक्यातले आहेत, मला दुसऱ्या तालुक्यात दिलं तर माझा त्यांच्याशी संबंध राहत नाही. मी अकार्यकारी पदावर काम करायला तयार आहे. चौकशीला मी प्रत्येक तारखेला हजर राहीन.

अकार्यकारी पद म्हणजे जिथे लोकांची थेट कामं, मंजुरी, पैशाचा व्यवहार नसतो असं टेबल. अधिकाऱ्याच्या बाजूने विचार करा. त्याला भीती असते की घेतलं आणि उद्या पेपरात आलं तर? त्याला सही करता येईल असं काहीतरी तुम्ही समोर ठेवावं लागतं. आणि शासनाच्या बाजूनेही बघा, काम न घेता महिन्याला 36,750 देण्यापेक्षा काम घेऊन पगार दिलेला बरा.

आठव्या महिन्यात आदेश निघाला. निलंबन संपुष्टात, चौकशीच्या अधीन राहून, दुसऱ्या तालुक्यात नेमणूक. चौकशी चालूच राहिली. तो दोषी होता की नाही, मला माहीत नाही, आणि माझ्या सांगण्याचा तो विषयही नाही. दोषी असेल तर चौकशीत सिद्ध होईल आणि शिक्षा होईल. पण सिद्ध होण्याआधीच कुणाला अर्धपोटी ठेवून, तारीख न देता बसवून ठेवायचं नाही, एवढंच हे सगळे नियम म्हणतात.

हेही सांगतो, प्रत्येकाचं असं होत नाही. मोठा अपहार असेल, साक्षीदारांना धमकावल्याची तक्रार असेल, तर कारणं लिहून निलंबन वाढवता येतं आणि न्यायालयं ती कारणं बघतात. पण कारणं असली पाहिजेत. 'प्रकरण गंभीर आहे' एवढ्या एका ओळीला कारणमीमांसा म्हणत नाहीत.

अर्जांना उत्तरच आलं नाही तर? निलंबनाच्या आदेशाविरुद्ध वरिष्ठांकडे अपील करता येतं. त्यानंतर राज्य कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, ज्याला सगळे मॅट म्हणतात. आपल्या वर्धेकरांसाठी नागपूर खंडपीठ. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी मॅट नाही, त्यांचं अपील विभागीय आयुक्तांकडे आणि पुढे उच्च न्यायालय. तिथे वकील तुम्हाला पहिलं काय विचारेल? अर्जांच्या पोचा. शिक्के असलेल्या प्रती. त्या असतील तर तुमची गोष्ट तारखांनी बोलते.

शेवटी एक. कामावर परत घेतलं म्हणजे निलंबनाचा काळ मिटला असं नाही. तो काळ कामाचा धरायचा की नाही, उरलेला पगार किती द्यायचा, यावर वेगळा आदेश होतो, 1981 च्या नियम 72 खाली. निलंबन पूर्णपणे असमर्थनीय होतं असं ठरलं तर पूर्ण पगार, त्यातून दिलेला भत्ता वजा करून. कमी द्यायचा असेल तर आधी नोटीस देऊन म्हणणं ऐकावं लागतं. ती नोटीस आली की उत्तर द्या. कंटाळून सोडू नका. पेन्शनचा हिशोब होतो तेव्हा हे आठ महिने पुन्हा समोर येतात.

त्या मुलाची फाईल मी शेवटची पाहिली तेव्हा चौकशीत साक्षी चालू होत्या. दिवाळीला घरी आला होता. हातात एक फोल्डर. त्यात तारखेप्रमाणे लावलेले सगळे कागद, आदेश, आठ प्रमाणपत्रं, तीन अर्ज, प्रत्येकावर शिक्का. म्हणाला, "काकाजी, पहिल्या महिन्यातच हे केलं असतं तर?"

म्हणून आज हे तुमच्यासमोर बोललो. घरात कुणाचा असा आदेश आला असेल तर आज रात्री तो कागद काढा, तारीख बघा, आणि कॅलेंडरवर नव्वदावा दिवस मोजून खूण करा.